शेताची नोंदवही : कृषी प्रशिक्षणार्थी नेमके काय लिहितो?

महाराष्ट्रातील कृषी विद्यापीठांत बी.एस्सी. कृषी शिकणारे विद्यार्थी शेवटच्या वर्षी काही आठवडे गावात राहून प्रत्यक्ष शेतावर काम करतात. हा ग्रामीण कृषी कार्यानुभव कार्यक्रम ‘रावे’ या नावाने ओळखला जातो. त्यातल्या मुलांना गावात कृषिदूत आणि मुलींना कृषिकन्या म्हणतात. या काळात त्यांच्या हाती रोज असते ती नोंदवही. पिकाची निरीक्षणे, जमिनीची मोजमापे आणि शेतात पडलेल्या निविष्ठा, म्हणजे बियाणे, खते, औषधे आणि पाणी, यांची नोंद तिच्यात होते. या नोंदी सुट्या राहिल्या तर त्यातून फारसे कळत नाही. एकाच तुकड्याच्या नोंदी तारखेवार एकत्र वाचता आल्या, की पिकाला काय होते आहे हे समजू लागते. मराठवाड्यातील कोरडवाहू कापसाच्या एक एकर तुकड्यावरून हे काम पाहता येईल.

आधी तुकडा ठरवायचा

पहिल्या पानावर शेताचा नकाशा असतो. सातबाऱ्यावरचा गट नंबर एकच असला तरी त्यात उंचवट्याची हलकी जमीन आणि खोलगट भागातली भारी काळी जमीन शेजारी शेजारी असू शकते. दोन्हींची सरासरी काढली तर ती कुठल्याच भागाला लागू पडत नाही. म्हणून असे भाग वेगळे पाडून त्यांना ‘अ’, ‘ब’ अशी नावे दिली जातात आणि पुढची प्रत्येक नोंद त्या नावाखाली होते. त्याच पानावर वाण, पेरणीची तारीख आणि लागवडीचे अंतर लिहायचे. अंतर 4 बाय 1 फूट असेल, तर एकरात 10,890 झाडे बसतात. उगवणीनंतर काही तासांमधली झाडे मोजून नांगे किती पडले हे काढले जाते. हा आकडा नसेल, तर हंगामाच्या शेवटी उत्पादन कमी आले ते झाडे विरळ होती म्हणून की बोंडे कमी लागली म्हणून, हे सांगता येत नाही.

पिकाचे निरीक्षण

कापसावरचे तुडतुडे मोजायचे ते आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी आणि सकाळी लवकर, कारण ऊन चढले की ते चपळ होतात. बांधालगतच्या ओळी सोडून शेतात नागमोडी चालायचे आणि एकरात 20 झाडे घ्यायची. प्रत्येक झाडाचे वरचे, मधले आणि खालचे असे एकेक पान हळूच उलटून मागच्या बाजूची पिल्ले मोजायची. 60 पानांवर 84 पिल्ले दिसली तर पानामागे सरासरी 1.4 भरतात. फवारणीचा विचार साधारणपणे पानामागे 2 ते 3 पिल्ले झाल्यावर करतात. त्याला आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात.

चूक बहुतेक वेळा झाड निवडताना होते. नजर आपोआप पिवळ्या, आकसलेल्या झाडाकडे जाते, तेच मोजले जाते आणि किडीचे प्रमाण वाढून दिसते. ‘दर पंधरा पावलांवर उजव्या हाताचे झाड’ असा नियम आधीच ठरवून घेतला की निवड आपल्या मनावर राहत नाही. दुसरी चूक शून्य न लिहिण्याची. एखाद्या पानावर काहीच नसेल तर तिथे 0 लिहावा लागतो. रकाना मोकळा सोडला, तर कीड नव्हती की पान पाहिलेच नाही, हे नंतर कोणी सांगू शकत नाही.

जमिनीची मोजमापे

जमिनीबाबत दोन प्रकारच्या नोंदी होतात. सामू, सेंद्रिय कर्ब, स्फुरद, पालाश ही माहिती प्रयोगशाळेच्या अहवालातून येते आणि हंगामभर जवळपास तीच राहते. ओलावा मात्र पावसागणिक बदलतो, तो शेतावरच पाहावा लागतो.

प्रयोगशाळेसाठी नमुना घेताना वेळेची अडचण येते. खत दिल्यावर सुमारे तीन महिने नमुना घेऊ नये असा नियम आहे. प्रशिक्षणार्थी शेतावर पोहोचतो तेव्हा बहुधा पेरणीबरोबरचे खत मातीत गेलेले असते. अशा वेळी शेतकऱ्याकडची मृदा आरोग्य पत्रिका कामी येते, पण तीही तपासूनच वापरायची. 2015 साली ही योजना सुरू झाली तेव्हा नमुने कोरडवाहू भागात 10 हेक्टरच्या आणि बागायतीत अडीच हेक्टरच्या चौकटीतून घेतले गेले. त्यामुळे पत्रिका शेतकऱ्याच्या नावावर असली तरी तिच्यासाठीची माती शेजाऱ्याच्या शेतातली असू शकते. वहीत पत्रिकेचे आकडे उतरवताना नमुन्याचे वर्ष आणि जागाही लिहावी लागते.

ओलावा मोजण्याची पद्धत सोपी आहे. ठरलेल्या खोलीवरची माती घट्ट झाकणाच्या अॅल्युमिनियमच्या डबीत भरायची, डबीचे वजन करायचे, मग 105 अंश सेल्सिअसला 24 तास भट्टीत वाळवून पुन्हा वजन करायचे. रिकामी डबी 25 ग्रॅम, ओल्या मातीसह 125 आणि वाळल्यावर 105 ग्रॅम भरली, तर 20 ग्रॅम पाणी गेले आणि 80 ग्रॅम कोरडी माती उरली. 20 ला 80 ने भागले की ओलावा 25 टक्के येतो. इथे 100 ग्रॅम ओल्या मातीने भागून 20 टक्के लिहिण्याची चूक वारंवार होते. झाकण सैल असेल तर वाटेतच ओल उडून जाते आणि आकडा कमी येतो. अशी चूक वहीत लगेच लक्षात येते, कारण आदल्या दिवशी चांगला पाऊस झालेला असतो आणि ओलावा मात्र घटलेला दिसतो. म्हणून ओलाव्याशेजारी पावसाचा रकाना हवाच. पर्जन्यमापक रोज सकाळी साडेआठला वाचायचा. 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरावर सुमारे 4,000 लिटर पाणी.

निविष्ठांचा हिशेब

निविष्ठांची माहिती शेतकऱ्याच्या तोंडून मिळते आणि ती बहुतेक ‘दोन बॅगा टाकल्या’ अशा रूपात येते. कोणत्या खताच्या, किती किलोच्या आणि किती क्षेत्रावर, हे विचारूनच ती नोंद पुरी होते. डीएपीची गोणी 50 किलोची असते आणि तीत 18 टक्के नत्र, 46 टक्के स्फुरद असते, म्हणजे गोणीमागे 9 किलो नत्र आणि 23 किलो स्फुरद. युरियाची गोणी 2018 पासून 45 किलोची झाली. 46 टक्क्यांप्रमाणे तिच्यात 20.7 किलो नत्र असते. जुन्या 50 किलोच्या सवयीने हिशेब केला तर प्रत्येक गोणीमागे 2.3 किलो नत्र जास्त लिहिले जाते.

फवारणीच्या नोंदीत औषधाचे व्यापारी नाव पुरत नाही. बाटलीवरचे रासायनिक घटकाचे नाव आणि प्रमाण, बॅच क्रमांक, वापराची अंतिम तारीख, पंपाची क्षमता, पंपांची संख्या, सोबत मिसळलेली दुसरी औषधे, फवारणीची वेळ आणि वाऱ्याचा जोर हे सगळे लिहायचे. मात्रा 10 लिटर पाण्यासाठी सांगितलेली असते आणि पंप 15 लिटरचा असतो, तिथेच गोंधळ होतो. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. अशा वेळी रुग्णाने कोणते औषध हाताळले हे डॉक्टरला तातडीने कळावे लागते आणि ते नोंदीतून कळते.

प्रत्येक निविष्ठेपुढे आणखी एक खूण लागते. माहिती ‘सांगितलेली’ आहे, ‘पावतीवरून’ घेतलेली आहे की ‘स्वतः पाहिलेली’? तिन्हींचे वजन सारखे नसते. सांगितलेल्या माहितीवर शंका घ्यायची असा याचा अर्थ नाही. पुढे दोन नोंदी जुळल्या नाहीत, तर पडताळणी कुठून सुरू करायची हे त्या खुणेवरून ठरते.

लाल पानांचे उदाहरण

समजा, 18 जूनला पेरलेल्या या एकरात 12 सप्टेंबरला पाने लालसर दिसू लागली. शेतकरी याला ‘लाल्या’ म्हणतात. तुडतुडे, नत्र किंवा मॅग्नेशियमची कमतरता, पाणी साचणे, बोंडे भरताना रात्रीची थंडी, अशी त्याची बरीच कारणे असतात. नुसते पान पाहून नेमके कारण सांगणे कठीण असते.

आता वही उघडायची. तुडतुड्यांचा शेवटचा आकडा पानामागे 1.4, म्हणजे पातळीच्या खाली. पानांच्या कडाही मुडपलेल्या नाहीत. तुडतुड्यांचा त्रास असता तर लाली कडेपासून आत सरकली असती. रात्रीचे किमान तापमान 22 अंश, म्हणजे थंडी हे कारण नाही. लाली खोलगट भागापुरती नसून सगळीकडे आहे आणि ओलाव्याचे आकडे तीन आठवडे बेताचेच आहेत, म्हणजे पाणीही साचलेले नाही. निविष्ठांच्या पानावर पेरणीबरोबर डीएपीची एक गोणी आणि 20 जुलैला युरियाची एक गोणी, एवढेच लिहिले आहे. नत्र झाले 29.7 किलो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची कोरडवाहू बीटी कापसाची शिफारस हेक्टरी 120 किलोची, म्हणजे एकरी सुमारे 48 किलोची आहे. साठाव्या दिवशीचा युरिया राहून गेला आहे. शिवाय 23 आणि 24 जुलैला मिळून 96 मिलिमीटर पाऊस झाला आहे, तेव्हा आधी दिलेल्या नत्रातलेही काही वाहून किंवा झिरपून गेले असणार.

नत्र कमी पडले असा अंदाज यातून बळावतो. खालची जुनी पाने लाल आणि शिरा हिरव्या असतील तर मॅग्नेशियमचीही शंका राहते. ती शेतातच पडताळता येते. काही तासांवर 1 टक्का मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे 10 लिटर पाण्यात 100 ग्रॅम, फवारायचे, शेजारचे काही तास तसेच ठेवायचे आणि दोन्ही जागी खुणेच्या काठ्या रोवायच्या. आठ-दहा दिवसांनी तुलना नव्या पानांची करायची, कारण लाल झालेली जुनी पाने सहसा पुन्हा हिरवी होत नाहीत. दोन्हीकडे फरक दिसला नाही, तर तीही एक नोंद आहे आणि ती तशीच लिहायची.

वहीची मर्यादा

एका हंगामाची आणि एका एकराची वही म्हणजे प्रयोग नव्हे. तिच्यावरून गावाला शिफारस करता येत नाही. ती विश्वासार्ह आहे का, हे मात्र चाळतानाच कळते. सगळे आकडे 5 आणि 10 च्या पटीत असतील, प्रत्येक आठवड्याला अक्षर आणि शाई तंतोतंत सारखी असेल, मुसळधार पावसाच्या दिवशीही ‘निरीक्षण केले’ असे लिहिलेले असेल, तर ती वही एका बैठकीत भरलेली असते. खऱ्या वहीत खाडे असतात आणि त्यांची कारणे लिहिलेली असतात. चुकलेला आकडा खोडून काढलेला नसतो. त्यावर एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहिलेला असतो.

कार्यक्रम संपला की वही गुणांसाठी महाविद्यालयात जमा होते. ज्याच्या शेताची ती आहे त्याच्याकडे काहीच राहत नाही. निघण्यापूर्वी प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याने वहीची एक प्रत शेतकऱ्याच्या घरी ठेवावी. पुढच्या जूनमध्ये खताची खरेदी ठरवताना तिचा उपयोग त्यालाच होणार आहे.