बाणाखालचे पिक्सेल

हाउसिंग सोसायटीच्या कार्यालयासाठी एखादी माहितीपुस्तिका तयार होत असते. संगणकावरच्या प्रत्येक पायरीचा स्क्रीनशॉट त्यात घालायचा असतो. छपाईच्या आधी लक्षात येतं, की एका चित्रात माउसचा बाण वरच्या निळ्या पट्टीवर विसावलाय, त्याचं टोक ‘जतन करा’ या अक्षरांना टेकलंय आणि कोपऱ्यातल्या आयकॉनवर न वाचलेल्या संदेशांचा लाल ठिपका आहे. तो स्क्रीन आता पुन्हा उघडता येत नाही. मग दुरुस्ती चित्रातच करावी लागते.

अशा वेळी बहुतेकांचा हात थेट फोटो दुरुस्त करणाऱ्या हुशार साधनांकडे जातो. फोटोशॉपमध्ये 2010 साली सीएस5 या आवृत्तीबरोबर ‘कंटेंट-अवेअर फिल’ आलं. निवडलेल्या जागेशी जुळणारे तुकडे ते चित्रातच इतरत्र शोधतं आणि त्यांनी भोक बुजवतं. गवत, वाळू, आकाश यांवर ते छान चालतं, कारण तिथे थोडं इकडेतिकडे झालं तरी डोळ्याला खुपत नाही. स्क्रीनशॉटमध्ये मात्र तेच साधन रिकाम्या पट्टीवर अर्धवट अक्षर किंवा शेजारच्या बटणाची कड आणून ठेवू शकतं. हीलिंग ब्रशची अडचण वेगळी आहे. तो भोवतालच्या रंगाशी जुळवून घेतो, त्यामुळे जवळच काळं अक्षर असेल तर त्याचा काळेपणा ओढून मळकट डाग पाडतो.

स्क्रीनशॉट हा फोटो नव्हे, हे इथे ध्यानात घ्यायला हवं. पट्ट्या, चौकटी आणि अक्षरं संगणकाने नियमाने रंगवलेली असतात. त्यामुळे बाणाखाली काय होतं याचा अंदाज बांधावा लागत नाही. तेच पिक्सेल बहुधा शेजारी जसेच्या तसे असतात.

निळी पट्टी वरून खाली फिकी होत जाते असं समजू. म्हणजे रंग फक्त उभ्या दिशेने बदलतो. एकाच आडव्या ओळीतले सगळे पिक्सेल सारखे असतात. तेव्हा बाणाच्या शेजारच्या स्वच्छ जागेतून पट्टीच्या उंचीइतका, पण फक्त 1 पिक्सेल रुंद उभा काप निवडायचा, तो कॉपी करून नव्या लेयरवर ठेवायचा आणि बाण झाकेल इतका आडवा ताणायचा. गिंपमध्ये ताणताना Interpolation हा पर्याय None ठेवला, की कडेला रंग विरत नाही. बाणाला सावली असेल तर ती खाली-उजवीकडे काही पिक्सेल पसरलेली असते. तीही झाकली जायला हवी, नाहीतर बाण जातो आणि त्याचं सावट मागे उरतं.

‘जतन करा’चं काय? बाणाने फक्त शिरोरेषा कापली असेल तर काम सोपं आहे. दोन अक्षरांमधली शिरोरेषा डावीकडून उजवीकडे सारखीच असते, म्हणून तिथेही तोच उभा काप चालतो. ‘रा’चा काना झाकला गेला असेल, तर तो त्याच चित्रात त्याच फाँटमध्ये, त्याच आकारात आणि त्याच पार्श्वभूमीवर दुसरीकडे शोधून उचलायचा. तरीही कडेचे करडे पिक्सेल किंचित वेगळे निघू शकतात, कारण अक्षर पिक्सेलच्या जाळीत नेमकं कुठे बसलंय यावर ते ठरतात.

लाल ठिपका आयकॉनचा वरचा उजवा कोपरा खातो. आयकॉन डावी-उजवीकडे सारखा असेल आणि मागे एकच रंग असेल, तर डावा कोपरा कॉपी करून आडवा उलटवला की बसतो. मागे वॉलपेपरचा फोटो असेल तर ही युक्ती फसते: गोलसर कडेच्या पिक्सेलमध्ये मागचा रंग मिसळलेला असतो, म्हणून डाव्या बाजूचा वॉलपेपर उजवीकडे येतो.

काम नीट झालं का हे पाहायला चित्र 800 टक्के मोठं करावं आणि मूळ चित्र वरच्या लेयरवर ठेवून Difference मोड लावावा. जिथे काहीच बदललेलं नाही तिथे काळं दिसतं. उजळलेला भाग फक्त बाण, सावली आणि ठिपका यांच्याच जागी हवा.

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेल्या चित्रात आणखी एक गोम असते. जेपीईजी पद्धत चित्राचे 8 बाय 8 पिक्सेलचे चौकोन करून दाबते, त्यामुळे बाणाभोवती फिकट ठिपके उठतात. बाण काढला तरी ते राहतात, म्हणून काप ताणताना भोवतालचे काही पिक्सेलही झाकावे लागतात. शक्य असेल तर तोच स्क्रीनशॉट डॉक्युमेंट म्हणून पुन्हा मागवावा आणि दुरुस्तीनंतर पीएनजीमध्ये साठवावा.

बाण एखाद्या बटणावर असेल, तर आणखी एक गोष्ट तपासावी लागते. बाण वर आला की बरीच बटणं रंग बदलतात. बाण पुसला तरी ते बटण शेजाऱ्यांपेक्षा उजळ राहतं आणि वाचकाला ते दाबलेलं वाटू शकतं; तेव्हा बटणाची पार्श्वभूमीही शेजारच्या बटणावरून घ्यावी लागते. पण बाणाखाली पावतीवरचा आकडा पूर्ण दडला असेल, तर तो शेजारून उचलता येत नाही, कारण शेजारचा आकडा वेगळाच असतो. तिथे काहीही भरलं तर ती दुरुस्ती नसून बनावट नोंद होते, आणि नवा स्क्रीनशॉट मिळेपर्यंत ते चित्र पुस्तिकेबाहेरच ठेवावं लागतं.