फुकटातल्या मॅचची किंमत

समजा, दहावीचा वर्ग आहे. सोमवारी बीजगणिताची पूर्वपरीक्षा, आणि रविवारी सकाळी नऊ ते एक शेजारच्या गल्लीशी क्रिकेटची मॅच. तिसऱ्या बाकावरचा सलामीचा फलंदाज पेचात पडलाय. बाई विचारतात, "मॅच खेळायला तुला किती खर्च येईल?"

"काहीच नाही, बाई. मैदान फुकट. बॉलची पन्नास रुपये वर्गणी होती, ती देऊन झाली."

"मग ते पन्नास सोडून दे. घरी बसलास तरी ते परत मिळणार नाहीत. त्या चार तासांत एरवी काय केलं असतंस ते सांग."

वर्गसमीकरणांची उजळणी, मामाच्या दुकानात मदत, नाहीतर झोप. बाई तिन्ही गोष्टी फळ्यावर लिहितात. इथे बरीच मुलं तिन्हींची बेरीज करू लागतात आणि फसतात. खेळला नसता, तरी त्या चार तासांत यांतलं एकच काम झालं असतं. म्हणून त्याच्या लेखी सर्वांत मोलाचं जे काम, तेवढंच फळ्यावर ठेवायचं. ते आहे उजळणी. मॅचसाठी ती सोडावी लागते, म्हणून ती मॅचचा 'संधी खर्च'.

यष्टिरक्षकाची उजळणी कालच झाली आहे. तो खेळला, तर त्याची फक्त झोप जाते. मॅच एकच, खर्च वेगळा.

आता आकडा. सकाळच्या उजळणीने सहा गुण वाढतील, असा सलामीवीराचा अंदाज. पण मॅचनंतर संध्याकाळी दमून बसला, तरी चार वाढतील. म्हणजे खर्च सहा गुणांचा नाही. दोन गुण आणि संध्याकाळचा टीव्ही, एवढाच.

हा हिशेब मोठ्यांनाही चकवतो. पॉल फेरारो आणि लॉरा टेलर यांनी अमेरिकेतल्या अर्थशास्त्रज्ञांना एक प्रश्न विचारला. निष्कर्ष 2005 मध्ये प्रसिद्ध झाले. तुमच्याकडे एरिक क्लॅप्टनच्या मैफलीचं फुकट तिकीट आहे. त्याच रात्री बॉब डिलन गाणार आहे. त्याचं तिकीट 40 डॉलरचं, पण तुम्ही 50 डॉलरही मोजले असते. क्लॅप्टनला जाण्याचा संधी खर्च किती? पर्याय चार: शून्य, 10, 40, 50. उत्तर 10. डिलनचं 50 डॉलरचं सुख हुकलं, पण 40 डॉलर खिशात राहिले. 199 जणांपैकी जेमतेम 22 टक्क्यांचं उत्तर बरोबर आलं. डोळे मिटून बोट ठेवलं असतं, तर सरासरी 25 टक्के बरोबर आले असते.

सोडलेल्या गोष्टीचा खर्चही वजा करायचा, हे ऐकून सलामीवीर खुलतो. "म्हणजे उजळणीचा कंटाळाही वजा करायचा, बाई?"

"कर की. पण मॅच सोडण्याचा खर्च काढशील, तेव्हा उन्हातलं क्षेत्ररक्षणही वजा कर."