आकडे आणि अंदाज – लेखांक ९
जाहिरातीवरून विक्रीचा अंदाज: रेषा एक, पट्टे दोन

गेल्या आठवड्यात आपण जाहिरात खर्च आणि विक्री यांचे ठिपके आलेखावर मांडले. ते डावीकडून उजवीकडे वर चढत जातात, एवढे डोळ्यांनी दिसले. आज त्या ठिपक्यांमधून रेषा काढू आणि तिच्या आधारे पुढच्या महिन्याचा अंदाज बांधू. खरा भर मात्र त्या अंदाजाभोवतीच्या पट्ट्यावर आहे. 'विक्री साडेनऊ लाख होईल' असे नुसते सांगून व्यापाऱ्याचे काम भागत नाही. साडेनऊ म्हणजे नऊ ते दहा, की साडेसात ते साडेअकरा, यावर त्याची बेसन-तेलाची खरेदी अवलंबून असते.

उदाहरणासाठी चिवडा, चकली आणि फराळाचे पदार्थ विकणारा एक गृहउद्योग घेऊ. आकडे कल्पित आहेत आणि हिशेब कागदावर करता यावा असे निवडले आहेत. खर्च हजार रुपयांत आहे, विक्री लाख रुपयांत.

| महिना | खर्च | विक्री | रेषा म्हणते | फरक |
|---|---|---|---|---|
| जून | १० | ६.७ | ६.५ | +०.२ |
| जुलै | १५ | ६.३ | ७.० | −०.७ |
| ऑगस्ट | २० | ८.० | ७.५ | +०.५ |
| सप्टेंबर | ३० | ८.० | ८.५ | −०.५ |
| ऑक्टोबर | ३५ | ९.७ | ९.० | +०.७ |
| नोव्हेंबर | ४५ | ९.६ | १०.० | −०.४ |
| डिसेंबर | २५ | ८.६ | ८.० | +०.६ |
| जानेवारी | २० | ७.१ | ७.५ | −०.४ |

रेषा कशी बसते

आठ ठिपक्यांमधून हव्या तेवढ्या रेषा काढता येतील. त्यांतली एक निवडायची तर कसोटी हवी. लजांद्र या फ्रेंच गणितज्ञाने १८०५ मध्ये प्रसिद्ध केलेली कसोटी आजही वापरात आहे. प्रत्येक ठिपका रेषेपासून उभ्या दिशेने किती दूर आहे ते मोजायचे, त्या अंतरांचे वर्ग करायचे आणि त्यांची बेरीज ज्या रेषेसाठी सर्वांत लहान येईल ती रेषा घ्यायची.

हिशेब दोन सरासऱ्यांपासून सुरू होतो. खर्चाची सरासरी २५ हजार, विक्रीची ८ लाख. आता प्रत्येक महिन्याचा खर्च त्याच्या सरासरीपासून किती हटला आणि विक्री तिच्या सरासरीपासून किती हटली, ते लिहा. जूनमध्ये खर्च १५ ने कमी होता आणि विक्री १.३ ने कमी, म्हणून त्यांचा गुणाकार १९.५. अशा आठही गुणाकारांची बेरीज ९० येते. खर्चाच्या फरकांचे वर्ग करून बेरीज केली की ९०० येतात. ९० भागिले ९०० म्हणजे ०.१. हा झाला रेषेचा चढ. रेषा दोन्ही सरासऱ्यांच्या बिंदूतून जातेच, म्हणून ८ मधून २५ × ०.१ वजा केले की ५.५ उरतात.

```
विक्री = 5.5 + 0.1 × खर्च
```

याचा अर्थ असा, की ज्या महिन्यात खर्च एक हजाराने जास्त होता त्या महिन्यात विक्री सरासरी दहा हजारांनी जास्त दिसली. 'जास्त दिसली' हे शब्द मुद्दाम वापरले आहेत. जाहिरातीमुळे ती वाढली, असे रेषा अजून म्हणत नाही. त्याकडे शेवटी येऊ.

उरलेले फरक काय सांगतात

तक्त्याचा शेवटचा रकाना पाहा. रेषा एकाही महिन्याला अचूक पकडत नाही. जुलैत ती ७० हजारांनी जास्त सांगते, ऑक्टोबरमध्ये तेवढ्यानेच कमी. पाऊस, लग्नसराई, शेजारी उघडलेले नवे दुकान, घाऊक गिऱ्हाइकाची एखादी मोठी ऑर्डर अशी जाहिरातीबाहेरची सगळी कारणे या फरकांत साठलेली असतात. म्हणून पुढच्या महिन्याचा अंदाज किती चुकेल, याचा सगळ्यात प्रामाणिक साक्षीदार हाच रकाना आहे.

फरकांच्या वर्गांची बेरीज २.२ येते. तिला ८ ने नाही, ६ ने भागायचे, कारण चढ आणि उंची या दोन गोष्टी आपण याच आकड्यांतून ठरवून घेतल्या. रेषा या आठ ठिपक्यांना जुळेल अशीच बसवलेली असल्यामुळे फरक मुळातच थोडे लहान दिसतात, आणि ६ ने भागल्यावर ती तूट भरून निघते. भागाकाराचे वर्गमूळ सुमारे ०.६. म्हणजे एखादा महिना रेषेपासून साधारण ६० हजारांनी वरखाली होणे ही रोजचीच गोष्ट आहे.

फेब्रुवारीचा अंदाज

मालकाला फेब्रुवारीत जाहिरातीवर ४० हजार खर्चायचे आहेत. रेषेत ४० घातले की उत्तर येते ९.५ लाख. आता पट्टा काढू. इथे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि बहुतेक चुका त्यांची सरमिसळ झाल्याने होतात.

पहिला प्रश्न: ४० हजार खर्चाचे पुष्कळ महिने आले तर त्यांची *सरासरी* विक्री किती असेल? इथे अनिश्चितता फक्त रेषेची आहे. रेषा आठच ठिपक्यांवर उभी आहे, त्यामुळे तिची उंची थोडी चुकलेली असू शकते आणि चढही.

दुसरा प्रश्न: *येत्या एका* महिन्यात विक्री किती होईल? इथे रेषेची अनिश्चितता आहेच, शिवाय त्या महिन्याचे स्वतःचे ६० हजारांचे वरखाली होणे आहे. एक्सेलमध्ये खर्च A2:A9 आणि विक्री B2:B9 या घरांत असेल, तर दुसऱ्या पट्ट्याची अर्धी रुंदी अशी निघते:

```
=T.INV.2T(0.05,6)*STEYX(B2:B9,A2:A9)
 *SQRT(1+1/8+(40-AVERAGE(A2:A9))^2/DEVSQ(A2:A9))
```

`STEYX` म्हणजे आपले ०.६. `T.INV.2T` मधून २.४५ मिळते. हा गुणक आपण गॉसेटच्या १९०८ च्या कामामुळे वापरतो. डब्लिनच्या गिनेस मद्यकारखान्यात नोकरी करताना त्याला मोजक्याच नमुन्यांवरून निष्कर्ष काढावे लागत. नमुने थोडे असले की नेहमीचा १.९६ हा गुणक पुरत नाही, हे त्याच्या कामातून पुढे आले. आठ महिन्यांचे आकडे ही नेमकी तशीच परिस्थिती आहे.

वर्गमुळाच्या आत तीन तुकडे आहेत. १ हा महिन्याच्या स्वतःच्या चढउताराचा. १/८ हा रेषेच्या उंचीबद्दलच्या शंकेचा. तिसरा तुकडा चढाबद्दलच्या शंकेचा: ४० हे सरासरी २५ पासून १५ दूर आहे, म्हणून २२५/९०० म्हणजे ०.२५. सरासरीपासून जितके दूर जाल तितका हा तुकडा फुगतो आणि पट्टा दोन्ही टोकांना पसरतो.

उत्तर येते १.७४. म्हणजे फेब्रुवारीचा अंदाज ७.८ ते ११.२ लाख. शंभरातल्या पंचाण्णव वेळा खरी विक्री आत येईल, अशा बेताने काढलेला हा पट्टा आहे. पहिल्या प्रश्नाचा पट्टा हवा असेल तर सूत्रातला सुरुवातीचा १ काढून टाका. तो ८.६ ते १०.४ इतका अरुंद येतो. आलेखावर रेषेभोवती जी राखाडी पट्टी अनेक सॉफ्टवेअर आपोआप काढतात ती बहुधा हीच, सरासरीची असते. तिच्यावर विसंबून मालाची खरेदी केली, तर चारपाच महिन्यांत एकदा तरी 'अंदाज फसला' असे वाटेल. तसे वाटायचे कारण एवढेच, की पट्टी पहिल्या प्रश्नाची होती.

जास्त आकडे जमवले तर? पहिला पट्टा आक्रसत जाईल. दुसरा मात्र एका मर्यादेपुढे हटणार नाही, कारण तो १ तिथेच राहतो. जेम्स, विटेन, हेस्टी आणि टिबशिरानी यांच्या २०१३ च्या सांख्यिकीच्या पाठ्यपुस्तकात २०० बाजारपेठांच्या जाहिरात खर्चाचे आणि विक्रीचे आकडे आहेत. टीव्हीवर एक लाख डॉलर आणि रेडिओवर वीस हजार डॉलर खर्च केले, तर सरासरी विक्रीचा पट्टा १०,९८५ ते ११,५२८ नग येतो. कोणत्याही एका शहरासाठी तो ७,९३० ते १४,५८० होतो. दोनशे बाजारपेठांनी सरासरी जवळजवळ पक्की केली, पण एका शहराचा बेभरवसा तसाच राहिला.

दिवाळीचे दोन महिने

आता राहिलेला प्रश्न. आपल्या तक्त्यात सर्वांत जास्त खर्च ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झाला, म्हणजे दिवाळीच्या हंगामात. फराळाची मागणी तेव्हा जाहिरातीशिवायही वाढते आणि मालक जाहिरातही नेमकी तेव्हाच वाढवतो. मग चढातला जाहिरातीचा वाटा किती आणि सणाचा किती?

एक साधी तपासणी करता येते. हे दोन महिने वगळून उरलेल्या सहा महिन्यांवर रेषा पुन्हा बसवा. नवा चढ ०.०९८ येतो, जवळपास आधीचाच. यावरून हायसे वाटेल, पण चढाचाही पट्टा पाहा. आठ महिन्यांवर तो ०.०५ ते ०.१५ होता. सहा महिन्यांवर तो −०.०१ ते ०.२१ झाला. म्हणजे जाहिरातीचा परिणाम शून्य आहे, ही शक्यताही आता आत आली. कारण सूत्रातच आहे: खर्चाच्या फरकांच्या वर्गांची बेरीज जी ९०० होती, त्यातले ५०० एकट्या या दोन महिन्यांचे होते. चढाचा सगळा भरवसा दिवाळीवर टेकलेला होता.

म्हणून ७.८ ते ११.२ हा पट्टा फेब्रुवारीसाठी जसाच्या तसा वापरणे धोक्याचे आहे. बिगरहंगामात ४० हजार खर्च झालेला एकही महिना आपल्या तक्त्यात नाही. सूत्राला सण माहीत नाही. त्याच्या दृष्टीने ४० म्हणजे ३५ आणि ४५ च्या मधला ओळखीचा आकडा.

यावरचा खात्रीचा उपाय म्हणजे खर्च सणापासून तोडणे. विक्री जवळपास सारखी असलेली दोन गावे घ्यावीत, फेब्रुवारी-मार्चमध्ये एकात जाहिरात वाढवावी, दुसऱ्यात आहे तशी ठेवावी आणि दोन्हींतल्या विक्रीच्या बदलांची तुलना करावी. ते जमत नसेल, तर फेब्रुवारीत थेट ४० वर न जाता ३० वर थांबावे. बिगरहंगामी सप्टेंबरमध्ये तेवढा खर्च एकदा झालेला आहे. पट्टा महिना सुरू होण्याआधी वहीत लिहून ठेवावा, नंतर नाही. विक्री लागोपाठ काही महिने पट्ट्याच्या खालच्या कडेजवळ किंवा बाहेर पडू लागली, तर ती रेषा बिगरहंगामाची नाही हे ओळखावे.

पुढच्या भागात सणाचा महिना हा वेगळा रकाना करून रेषेत दोन कारणे एकदम घालू. तोवर वाचकांनी ३० हजार खर्चासाठी एका महिन्याचा पट्टा काढून पाहावा. अंदाज ८.५ लाख येईल. पट्टा ४० च्या पट्ट्यापेक्षा अरुंद का येतो, हे तिसऱ्या तुकड्यावरून सांगता यायला हवे.