फ्रिजच्या पाठीमागची कोंडी

फ्रिज आतली उष्णता उपसून मागच्या काळ्या जाळीतून खोलीत सोडतो. जाळीवर धूळ बसली किंवा फ्रिज भिंतीला चिकटला, की तिथली गरम हवा वर सरकत नाही आणि जाळी अधिक तापते. समजा, फ्रीजरची नळी उणे २३ अंशांवर आहे आणि जाळी ४५ऐवजी ५५ अंशांवर गेली. उष्णता चढवण्याची उंची ६८ अंशांवरून ७८ झाली, म्हणजे कॉम्प्रेसरचे काम सैद्धांतिक हिशेबाने सुमारे १५ टक्के वाढले. महिना ३० युनिटचा फ्रिज मग ३४-३५ युनिट खाईल.

‘आमच्या फ्रिजला जाळीच दिसत नाही,’ असे कुणी म्हणेल. अशा बऱ्याच फ्रिजमध्ये नळ्या बाजूच्या पत्र्याआड असतात. तिथे धुळीपेक्षा बाजूची मोकळी जागा महत्त्वाची. धुळीचा पातळ थर पुसून बिलात फारसा फरक पडणार नाही, हेही खरे. पण कॉम्प्रेसर थांबतच नसेल, तर प्लग काढून मऊ ब्रश फिरवावा आणि पुस्तिकेत सांगितलेले अंतर सोडावे.