डब्याची दरवाढ कळवणारा ईमेल

डब्याचा दर वाढवताना जुने ग्राहक दुखावतात ते बहुधा रकमेमुळे नव्हे, तर वाढ कळण्याच्या पद्धतीमुळे. महिनाअखेरीस डबा पोचवणाऱ्या मुलाच्या तोंडून ती कळली, की चार-पाच रुपयेही खुपतात. म्हणून ती आधी, लेखी आणि हिशेबासकट कळवावी लागते.

उदाहरणार्थ, पुण्यातील एखादी खानावळ 100 रुपयांचा डबा 106 रुपयांना करणार आहे, असे धरू. महिन्याला 26 डबे म्हणजे बिल 2,600 वरून 2,756 रुपयांवर जाईल. नवा दर 1 जुलैपासून लागू असेल, तर मेल जूनच्या पहिल्या आठवड्यात जायला हवा. वर्षाहून जुन्या 60 ग्राहकांना आणखी एक महिना जुन्याच दराने डबा द्यायचा ठरला, तर या सवलतीची किंमत 9,360 रुपये होते. हा आकडा परवडतो का, हे शब्द देण्याआधी पाहावे.

या ग्राहकांच्या मेलचा विषय सरळ असावा: ‘1 ऑगस्टपासून तुमच्या डब्याचा दर 106 रुपये’. ‘नवीन मेनू’ अशा शीर्षकाखाली दरवाढ दडवली, तर फसवल्याची भावना होते. पुढचा मजकूर एवढा पुरतो:

‘सप्रेम नमस्कार. 1 ऑगस्टपासून आपला डबा 100 ऐवजी 106 रुपयांना पडेल. वाढीतले 3 रुपये स्वयंपाकघरातील पगारवाढीचे, 2 रुपये डबा पोचवण्याचे आणि 1 रुपया गॅसचा आहे. चार पोळ्या, दोन भाज्या, वरण-भात यांत काही कमी होणार नाही. आपण वर्षाहून अधिक काळ आमच्याकडे जेवता, म्हणून जुलैचा डबा जुन्याच दराने मिळेल. शिल्लक खाडे आणि आगाऊ भरलेले डबेही जुन्या दराने धरले जातील. काही अडचण असल्यास याच मेलला उत्तर द्यावे.’

कारण देताना टोमॅटो-कांद्याची महागाई पुढे करू नये. भाजी दोन महिन्यांत उतरते आणि मग ‘आता दर कमी का नाही?’ हा प्रश्न रास्त ठरतो. पगार आणि पोचवण्याचा खर्च सहसा खाली येत नाहीत, त्यामुळे ती कारणे टिकतात. दरवाढीच्या काळात पोळी लहान झाली किंवा भाजीची वाटी उणी भरली, तर मेलमधला शब्दच खोटा पडतो.

मेल नीट उतरला की नाही, हे उत्तरांवरून कळते. ‘माझ्या चार खाड्यांचे काय?’ असे अनेकांनी विचारले, तर ती ओळ राहून गेली आहे किंवा अस्पष्ट आहे. अशा वेळी प्रत्येकाला वेगवेगळे उत्तर न देता सर्वांना एकच खुलासा पाठवावा. एकाला गुपचूप सूट दिली, की ती त्याच सोसायटीतल्या दुसऱ्या ग्राहकाला कळतेच. 106 रुपये ज्यांना जड जातात, त्यांच्यासाठी भाताशिवायचा लहान डबा हा उघड पर्याय सर्वांपुढे ठेवता येतो.