लेकीचा पहिला रोजा

लेकीने तेराव्या वर्षी पहिला पूर्ण रोजा धरला. त्याआधी दुपारपर्यंत उपाशी राहून दोनदा सराव केला होता. सेहरीला भाकरी, दोन अंडी आणि दही दिलं. लोणचं-पापड टाळले, खारटाने दुपारी घसा सुकतो. पाणी इफ्तारपासून थोडं थोडं पाजलं; अजानच्या तोंडावर तांब्याभर घटाघट प्यायलं तर त्यातलं बरंचसं लघवीवाटे निघून जातं.

दुपारी तिने विसरून बिस्किट खाल्लं आणि रडायलाच लागली. विसरून खाल्ल्याने रोजा तुटत नाही. आठवताच थांबायचं, चूळ भरायची. मात्र गरगरायला लागलं, उभं राहवेना, तर रोजा सोडायचा. त्याची कझा नंतर करता येते.

मगरिबला खजूर, पाणी, मग नमाज. भजी जेवणानंतर, दोनच. रिकाम्या पोटी तळलेलं खाल्लं की रात्रभर जळजळ होते.