एमआरची मुलाखत: टार्गेटचा आकडा रुग्णापर्यंत नेता आला पाहिजे

मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हच्या, म्हणजे ‘एमआर’च्या नोकरीसाठी बी.एस्सी. किंवा बी.फार्म. झालेली मुले-मुली मुलाखतीला येतात, तेव्हा त्यांची तयारी बहुतेक एकाच साच्यातली असते. स्वतःची ओळख, ‘मला लोकांशी बोलायला आवडतं’, ‘मी मेहनती आहे’ आणि ‘टार्गेट नक्की पूर्ण करीन’. समोर बसलेल्या एरिया मॅनेजरने ही वाक्ये रोज ऐकलेली असतात. त्याला हवे असते ते वेगळेच. तो डॉक्टरांच्या भेटींबद्दल विचारतो, टार्गेटबद्दल विचारतो, औषधाच्या माहितीबद्दल विचारतो. उमेदवाराला हे तीन स्वतंत्र विषय वाटतात. प्रत्यक्षात तिन्ही प्रश्नांमधून तो एकच गोष्ट तपासत असतो: विक्रीचा आकडा शेवटी कोणत्या रुग्णाच्या चिठ्ठीतून येतो, हे या उमेदवाराला कळते का?

एक उदाहरण घेऊ. समजा सांगली हेडक्वार्टरची जागा आहे. सांगली-मिरज रोजच्या कामाचे, तर तासगाव, ईश्वरपूर, विटा ही बाहेरची गावे. मॅनेजर म्हणतो, “रक्तदाबाच्या टेल्मिसार्टन 40 या आपल्या ब्रँडचं तुम्हाला महिन्याला 60 हजारांचं टार्गेट आहे. कसं करणार?”

“खूप मेहनत घेईन, सर” हे उत्तर इथे निरुपयोगी आहे. कागद-पेन मागून हिशेब मांडणारा उमेदवार लगेच उठून दिसतो. हिशेब अवघड नाही. दहा गोळ्यांची एक स्ट्रिप स्टॉकिस्टला 50 रुपयांना पडते असे धरले, तर 60 हजार म्हणजे 1,200 स्ट्रिप. ही गोळी साधारणपणे रोज एक घ्यायची असते, म्हणून एका रुग्णाला महिन्याला तीन स्ट्रिप लागतात. 1,200 भागिले तीन म्हणजे 400 रुग्ण. आता उमेदवाराने उलट विचारावे, “सर, सध्या या भागात किती स्ट्रिप खपतात?” उत्तर 900 आले, तर आजच 300 रुग्ण हा ब्रँड घेत आहेत आणि आणखी 100 रुग्ण हवे आहेत, असा अर्थ निघतो. दहा डॉक्टरांनी प्रत्येकी दहा नवे रुग्ण सुरू केले, तर हा आकडा गाठतो. महिन्यात कामाचे 25 दिवस धरले, तर प्रत्येक डॉक्टरकडून अडीच दिवसांनी एक नवी चिठ्ठी हवी. 60 हजार ऐकून छातीत धडकी भरते. दहा डॉक्टर आणि अडीच दिवसांनी एक चिठ्ठी म्हटले, की कामाची दिशा मिळते.

या हिशेबात आणखी एक खोच आहे आणि चांगला मॅनेजर ती मुद्दाम विचारतो: “हेच टार्गेट अँटिबायोटिकचं असतं तर?” रक्तदाबाची गोळी वर्षानुवर्षे चालते, त्यामुळे मागच्या महिन्यातले 300 रुग्ण सांभाळले तर या महिन्यात ते पुन्हा मोजले जातात. अॅझिथ्रोमायसिन 500 चा तीन दिवसांचा कोर्स मात्र तीन गोळ्यांच्या एका पाकिटात संपतो. तिथे दर महिन्याला शून्यापासून नव्या चिठ्ठ्या मिळवाव्या लागतात. म्हणून पहिल्या औषधात जुना रुग्ण टिकवणे महत्त्वाचे. केमिस्ट दुसरा ब्रँड तर देत नाही ना, माल संपलेला तर नाही ना, हे पाहावे लागते. दुसऱ्या औषधात डॉक्टरांना वारंवार आणि योग्य मोसमात भेटणे महत्त्वाचे ठरते. हा फरक स्वतःहून सांगणारा उमेदवार अनुभव नसतानाही अनुभवी वाटतो.

यानंतर सहसा कसोटीचा प्रश्न येतो: “आज 28 तारीख आहे, टार्गेटला वीस टक्के कमी आहेत. काय कराल?” पुष्कळ जण म्हणतात, “स्टॉकिस्टला विनंती करून माल उचलायला लावीन.” या व्यवसायातले सर्वांत जुने दुखणे नेमके हेच आहे. कंपनीने स्टॉकिस्टला विकलेला माल म्हणजे प्रायमरी विक्री. स्टॉकिस्टकडून दुकानांत गेलेला माल म्हणजे सेकंडरी. सुरुवातीची शिल्लक अधिक खरेदी, त्यातून अखेरची शिल्लक वजा केली, की सेकंडरी कळते. समजा स्टॉकिस्टकडे 200 स्ट्रिप होत्या, त्याने 1,200 घेतल्या आणि महिनाअखेर 500 उरल्या. कागदावर टार्गेट शंभर टक्के झाले. खप मात्र 900 च आहे. पुढच्या महिन्यातही 900 खपल्या आणि स्टॉकिस्टला हाताशी 200 ठेवायच्या असल्या, तर तो फक्त 600 मागेल. म्हणजे पुढचे टार्गेट निम्म्यावर आले. त्यातूनही माल पडून राहिला, तर मुदत संपून परत येतो आणि तो त्याच एमआरच्या खात्यातून वजा होतो. म्हणून खरे उत्तर असे: “आधी स्टॉक स्टेटमेंट पाहीन. खप आहे आणि माल कमी आहे, तर ऑर्डर घेईन. खपच नसेल, तर माल कोंबणार नाही. कोणत्या डॉक्टरांकडून चिठ्ठ्या कमी झाल्या ते शोधून तुम्हाला आजच सांगीन.” आजच, कारण ही गोष्ट 28 तारखेला नव्हे, 15 तारखेला कळायला हवी होती, हेही त्याने मान्य करावे.

डॉक्टर भेटींचे प्रश्न याच धाग्यावर पुढे जातात. “दिवसाला किती डॉक्टर भेटाल?” याचे प्रचलित उत्तर दहा ते बारा डॉक्टर आणि काही केमिस्ट असे आहे. पण आकडा सांगून थांबू नये, कारण पुढचा प्रश्न ठरलेला असतो: “ओपीडीत पन्नास पेशंट बसलेत, डॉक्टर दोन मिनिटं देतात. त्या दोन मिनिटांत काय?” तिथे क्रम सांगता आला पाहिजे. दवाखान्यात शिरण्याआधी खालच्या मेडिकल दुकानात जायचे. डॉक्टर रक्तदाबासाठी सध्या काय लिहितात, आपला माल दुकानात आहे का, हे केमिस्टकडून जाणून घ्यायचे. याला या क्षेत्रात ‘आरसीपीए’ म्हणतात. मग रिसेप्शनवर एमआरना भेटण्याची वेळ विचारून ती पाळायची. आत गेल्यावर एका प्रकारच्या रुग्णाबद्दल एकच मुद्दा मांडायचा आणि शेवटी स्पष्ट विनंती करायची. बाहेर आल्यावर डॉक्टर काय म्हणाले ते दोन ओळींत नोंदवायचे, कारण पुढच्या भेटीची सुरुवात तिथूनच होते.

इथे आणखी एक गोष्ट तपासली जाते. न झालेली भेट रिपोर्टमध्ये लिहिण्याचा मोह या नोकरीत मोठा असतो. “डॉक्टर बाहेरगावी गेले असतील तर रिपोर्टमध्ये काय लिहाल?” हा प्रश्न साधा दिसतो. ‘भेट झाली नाही’ असेच लिहीन, हे एकच उत्तर बरोबर आहे. खोट्या भेटी मॅनेजर सोबत फिरायला आला की उघड्या पडतात: डॉक्टर ओळखत नाहीत, केमिस्टला चेहरा माहीत नसतो.

आता औषधाची माहिती. मुलाखतीत बहुधा अभिनय करायला सांगतात. मॅनेजर डॉक्टर होतो आणि म्हणतो, “माझ्याकडे टेल्मिसार्टनचा चांगला ब्रँड आहे. तुमचा का लिहू?” घाबरलेला उमेदवार सांगतो, “आमचा जास्त प्रभावी आहे, साइड इफेक्ट नाहीत.” दोन्ही विधाने त्याला महागात पडतात. औषधाचा घटक तोच असताना पुराव्याशिवाय जास्त प्रभावी म्हणता येत नाही. आणि साइड इफेक्ट नसलेले औषध नसते. टेल्मिसार्टन गरोदरपणात देत नाहीत, कारण गर्भाला धोका असतो. रक्तातले पोटॅशियम वाढू शकते, म्हणून मूत्रपिंडाचा आजार असलेल्या किंवा पोटॅशियम वाढवणारी औषधे घेणाऱ्या रुग्णात लक्ष ठेवावे लागते. पित्तमार्गात अडथळा असेल तर ते टाळतात, कारण हे औषध मुख्यतः पित्तावाटे बाहेर पडते. हे सांगू शकणाऱ्या एमआरवर डॉक्टर विश्वास ठेवतात.

मग ‘का लिहू’ला उत्तर काय? जे खरे आहे ते. “सर, औषध तेच आहे. शरीरात त्याचा परिणाम चोवीस तासांच्या आसपास टिकतो, म्हणून दिवसातून एकच गोळी पुरते, हे तुम्ही जाणताच. आमची स्ट्रिप इतक्या रुपयांना आहे, खालच्या दुकानात माल आहे आणि पुढे अॅम्लोडिपिनची जोड लागली तर त्याच नावात मिळेल. ज्या पेशंटना महिन्याचा खर्च जड जातो, त्यांच्यापैकी काहींना सुरू करून पाहाल का?” यात किंमत आणि उपलब्धता हे दोन्ही दावे तपासता येतात आणि कोणता रुग्ण, तेही सांगितले आहे. अर्थात हे बोलण्याआधी दोन्ही ब्रँडच्या किमती माहीत हव्यात. ठाऊक नसलेला प्रश्न डॉक्टरांनी विचारला, तर “कंपनीच्या मेडिकल विभागाकडून माहिती घेऊन अमुक दिवशी सांगतो” म्हणावे आणि त्या दिवशी खरोखर सांगावे.

हल्ली नियमांवरही प्रश्न येतात. केंद्र सरकारने मार्च 2024 मध्ये औषधांच्या प्रचारासाठी ‘यूसीपीएमपी’ ही आचारसंहिता नव्याने आणली. डॉक्टरांना किंवा त्यांच्या कुटुंबीयांना वैयक्तिक फायद्यासाठी भेटवस्तू देणे तिच्यात बसत नाही. भेटीची वेळ मिळवण्यासाठी कोणत्याही रूपात पैसे देणेही बसत नाही. एका डॉक्टरला एका औषधाची वर्षाला नमुन्याची बारापेक्षा जास्त पाकिटे नकोत, अशी मर्यादा आहे. तेव्हा “डॉक्टर म्हणाले, लिहितो, पण मला काय मिळेल?” या प्रश्नावर ‘मॅनेजरशी बोलून काहीतरी करू’ असे उत्तर देऊ नये. ‘ते मला देता येणार नाही, औषधाची माहिती आणि मालाची खात्री देता येईल’ असे सांगावे. एखादा मॅनेजर या उत्तरावर नाराज झाला, तर ती कंपनी कशी आहे हे मुलाखतीतच कळले असे समजावे.

कारण मुलाखत उमेदवारानेही घ्यायची असते. या हेडक्वार्टरची गेल्या बारा महिन्यांची सेकंडरी विक्री किती, आधीचा एमआर का गेला, बाहेरगावचा भत्ता किती, मुदत संपलेला आधीचा माल कोणाच्या खात्यावर पडणार, हे चार प्रश्न नम्रपणे विचारावेत. नव्या मुलाच्या पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक त्रास होतो तो याच जुन्या हिशेबाचा.

मुलाखतीला जाण्याआधी एक काम करा. ज्या कंपनीत जायचे आहे, तिचे एकच औषध निवडा, जवळच्या दोन-तीन केमिस्टकडे जाऊन त्याची आणि त्याच्या स्पर्धक ब्रँडची किंमत विचारा, आणि वर मांडला तसा रुग्णापर्यंतचा हिशेब स्वतःच्या हाताने करा. पाठ केलेली शंभर उत्तरे बाजूला राहतील, पण हा एक कागद मॅनेजर लक्षपूर्वक वाचेल.